मालक एकच, पण गॅरेजचा कागद वेगळा करा

काका, नमस्कार. वडगावात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन वर्षं भाड्यानं राहतो. भाडं ८,५००, अ‍ॅडव्हान्स ६०,०००, बॉन्ड अकरा महिन्यांचा. मी उद्यमबागेत कामाला आहे. बायको इथल्या विणकरांकडून साड्या घेऊन कोल्हापूर-सांगलीच्या ओळखीच्या बायकांना पाठवते. साड्यांच्या गठ्ठ्यांनी घर भरलंय. खाली मालकांचं गॅरेज आहे, दहा बाय सोळा, शटरचं. त्यांनी गाडी विकल्यापासून ते रिकामंच आहे. मी विचारलं तर म्हणाले, "घे की. दोन हजार दे, तीस हजार अ‍ॅडव्हान्स. माझं मागाचं जुनं सामान कोपऱ्यात राहील, किल्ली दोघांकडे ठेवू. बॉन्डबिंड कशाला, आहेच ना आपला विश्वास?" माणूस चांगला आहे. पण बायकोला भीती वाटते, उद्या गॅरेजवरून वाजलं तर राहतं घरही जाईल. गॅरेज घराच्याच बॉन्डमध्ये घालावं का? आणि हे त्यांच्याशी बोलावं कसं?
– एक भाडेकरू, वडगाव, बेळगाव

वैनींची भीती रास्त आहे. एकाच मालकाची दुसरी जागा घेताना भाड्याच्या आकड्यापेक्षा हे दोन व्यवहार एकमेकांत किती अडकतात, याकडे आधी पाहायचं असतं. तुमच्या बाबतीत ते अडकू देऊ नका. गॅरेजचा बॉन्ड वेगळा, भाडं वेगळं, अ‍ॅडव्हान्सची पावती वेगळी ठेवा.

घराच्याच बॉन्डमध्ये गॅरेज घातलं की कायद्याच्या नजरेत ते एकच भाडं आणि एकच कूळ होतं. यात तुमचा एक फायदा आहे. "घर राहू दे, गॅरेज तेवढं सोड" अशी अर्धी नोटीस मालकांना देता येत नाही, कारण एका करारातला तुकडा वेगळा काढून तो संपवता येत नाही. पण हेच तुमच्यावरही उलटतं. साड्यांचा धंदा मंदावला आणि गॅरेज नकोसं झालं, तरी भाडं पूर्ण भरत राहावं लागतं. दोन महिने गॅरेजचे पैसे तटले तर ती थकबाकी घराच्याच खात्यावर चढते. शिवाय तुमच्या घराच्या बॉन्डमध्ये "फक्त राहण्यासाठी" असं वाक्य असणार, बहुतेक बॉन्डमध्ये असतंच. त्याच कागदात धंद्याच्या मालाची खोली घातली तर जागा ठरल्यापेक्षा वेगळ्या कामासाठी वापरल्याची तक्रार करायला तुम्हीच कारण पुरवता. गॅरेज फक्त स्कूटर आणि पाण्याच्या टाकीसाठी हवं असतं, तर घराच्या बॉन्डमध्ये एक ओळ वाढवा असंच मी सांगितलं असतं. धंद्याचा माल ठेवायचाय, म्हणून वेगळा कागद.

आता "बॉन्डबिंड कशाला" याबद्दल. तोंडी भाडं बेकायदा नसतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणीशिवाय चालत नाही (अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली), पण त्याहून कमी मुदतीसाठी तोंडी बोलणं आणि जागेचा ताबा एवढ्यावर भाडं उभं राहतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर असं भाडं महिन्या-महिन्याचं धरलं जातं आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनं संपतं. म्हणजे ऐन दिवाळीच्या हंगामात, वैनींचा माल भरलेला असताना, मालकांचा मुलगा गाडी घेऊन आला तर तुमच्या हातात पंधरा दिवस. आणि ठरलं काय होतं हे सांगायला साक्षीदार कोण, तर तुम्ही आणि ते.

सगळ्यात नाजूक गोष्ट मात्र तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. कोपऱ्यात त्यांचं सामान आणि किल्ली दोघांकडे. वकिलाला आधी हेच खटकेल. भाडेकरू म्हणजे ज्याच्याकडे जागेचा एकट्याचा ताबा आहे तो. मालक हवं तेव्हा शटर उघडून आत येत असतील आणि त्यांचं सामानही तिथेच असेल, तर ते भाडं नसून नुसती वापरायची परवानगी आहे, असं उद्या कुणीही म्हणू शकेल. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ सालीच सांगून ठेवलंय की कागदावर नाव काय दिलंय त्यापेक्षा दोघांचा मूळ हेतू काय होता आणि एकट्याचा ताबा दिला होता का, हे पाहायचं. दिलेली परवानगी माणूस काढून घेऊ शकतो. भाड्याचं तसं नाही.

कायद्याचं सोडा, रोजच्या व्यवहाराचं बघा. दोन किल्ल्या असताना एक गठ्ठा कमी भरला तर विचारणार कुणाला? मालकांना विचारलंत तर तीन वर्षांचं नातं संपलं, नाही विचारलंत तर वैनी झोपणार नाहीत. आणि त्यांच्या मागाचा एखादा लोखंडी भाग भंगारात गेला असा संशय त्यांना आला, तर तुम्हालाही हेच. म्हणून त्यांना सांगा, "काका, तुमचं सामान बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जिन्याखाली लावून देतो, हमाली माझी." ते नाहीच म्हणाले तर त्या कोपऱ्याला जाळीची आडभिंत घालून वेगळं दार करून घ्या, त्याला त्यांचं कुलूप. मुख्य शटरची किल्ली एकट्या तुमच्याकडे. त्यांना कोपऱ्यात जायचं असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगून तुमच्यासमोर यायचं, हे बॉन्डमध्ये लिहा. कोपरा किती फूट हेही लिहा, नाहीतर चार बाय पाचाचा कोपरा वर्षभरात अर्धं गॅरेज व्यापतो. असं झालेलं मी इतक्यांदा पाहिलंय की यात मालकाची लबाडी असते असंही आता मला वाटत नाही. जुन्या घरातलं सामान आपोआप वाढतं.

भाड्याकडे येऊ. दहा बाय सोळा म्हणजे १६० चौरस फूट. त्यातला कोपरा २० फूट धरला तर तुमच्या वाट्याला १४०. दोन हजाराला भागलं तर फुटाला सव्वाचौदा रुपये पडतात. तुमचं घर किती फुटांचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. समजा ५५० आहे, तर ८,५०० ला फुटाला साडेपंधरा पडतात. त्या साडेपंधरात नळ आहे, न्हाणीघर आहे, फरशी आहे, खिडक्या आहेत. गॅरेजमध्ये शटर आणि कोबा. घराच्या दराच्या जवळपास भाव इथे बसत नाही. दोन-तृतीयांश धरला तर १,४०० च्या आसपास येतो. तुम्ही तिथून बोलणं सुरू करा आणि १,५०० ला थांबा. आधी तुमच्याच गल्लीत कुठे शटरची खोली भाड्यानं आहे का ते दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवा. मालकांना हिशेब दाखवण्यापेक्षा "समोरच्या बोळात इतक्याला मिळते" हे जास्त पटतं.

तीस हजार अ‍ॅडव्हान्स मात्र देऊ नका. दोन हजारांच्या भाड्यावर तो पंधरा महिन्यांचा होतो. घराचा अ‍ॅडव्हान्स सात महिन्यांचाच आहे, आणि घरात नळ, बेसिन, वायरिंग, रंग अशा बिघडण्यासारख्या पन्नास गोष्टी आहेत. गॅरेजमध्ये मालकांचं नुकसान होऊन होऊन किती होणार? शटरची पट्टी वाकेल, एखादा बोर्ड जळेल, दोन महिन्यांचं भाडं बुडेल. तीन महिन्यांचे ४,५०० पुरेत, फारच ताणलं तर ६,०००. आपल्याकडे अ‍ॅडव्हान्स मोठा मागायची सवय आहे, पण ती राहत्या घराची सवय आहे. आणि "घराच्या साठ हजारात धरून घ्या" असं चुकूनही म्हणू नका. तसं म्हणालात की दोन्ही हिशेब पुन्हा एक झाले.

पैसे कसे पाठवायचे याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही दर महिन्याला फोनवरून एकत्र दहा हजार पाठवलेत, तर वर्षभरानं तो एकच दहा हजाराचा भाड्याचा व्यवहार दिसतो, कागद वेगळे असूनही. त्याहून वाईट प्रसंग हाताला तंगी येते त्या महिन्यात येतो. समजा एका महिन्यात तुमच्याकडे ९,००० च आहेत. तुम्ही मनात म्हणता, घराचं पूर्ण देऊन टाकू, गॅरेजचं उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. पण पाठवताना काहीच लिहिलं नाहीत. १८७२ च्या करार कायद्यात याचा सरळ नियम आहे. पैसे कुठल्या देण्यापोटी आहेत हे देणाऱ्यानं सांगितलं तर ते त्याच खात्यात धरायचे. त्यानं सांगितलं नाही, आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर घेणाऱ्यानं त्याच्या मर्जीनं धरायचे. म्हणजे मालक १,५०० गॅरेजला लावून घराचे १,००० थकले असं लिहू शकतात, आणि वेगळ्या कागदाची सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा दर महिन्याला दोन वेगळ्या रकमा पाठवा. एकीसोबत "जून घरभाडे" लिहा, दुसरीसोबत "जून गॅरेज भाडे". रोख देत असाल तर दोन पावत्या. दोन मिनिटांचं काम आहे.

बॉन्डमध्ये ही वाक्यं हवीत, शब्द बॉन्ड लिहिणारा नीट बसवेल. "हा करार वरच्या मजल्यावरील घराच्या करारापासून स्वतंत्र असून एकाची मुदत, थकबाकी किंवा समाप्ती यांचा परिणाम दुसऱ्यावर होणार नाही." मग "जागेचा वापर कापडी माल व घरगुती सामान ठेवण्यासाठी." मग "दोघांपैकी कुणालाही एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल." पंधरा दिवसांचे तीस दिवस करून घेणं हा तुमचा खरा लाभ. मालक एक गोष्ट नक्की मागतील, तुम्ही घर सोडलंत तर गॅरेजही सोडायचं. ते मान्य करा, त्यांच्या वाड्यात बाहेरच्या माणसानं ये-जा करू नये ही त्यांची काळजी खरी आहे. फक्त सामान हलवायला तीस दिवस लिहून घ्या. रॅक तुम्ही ठोकलेत तर जाताना काढून नेण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तो ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच, आणि भिंत होती तशी करून द्यावी लागते. किल्ली परत दिल्यावर रॅकची आठवण काढून उपयोग नाही.

बॉन्ड कानडीत झाला तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कानडी वाचणारा तुमचा कुणी मित्र सोबत न्या. विशेषतः जागेचं वर्णन आणि चतुःसीमा तपासा. तिथे "घर व गॅरेज" असं एकत्र आलं तर वर लिहिलेलं सगळं वाया. स्टॅम्प पेपर घेताना राहण्यासाठी नाही, माल ठेवण्यासाठी असं स्पष्ट सांगा.

मालक एकच आहेत असं तुम्ही गृहीत धरलंय, तेही एकदा बघा. आपल्या भागातल्या जुन्या घरांत भावांच्या वाटण्या झालेल्या असतात. वरचा मजला थोरल्याचा, खालची गॅरेजची जागा दोघांची, असंही निघतं. महापालिकेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती बघायला मागा. दोन नावं असतील तर सही दोघांची.

विजेचं थोडक्यात. गॅरेजचा दिवा कुणाच्या मीटरवर आहे हे आधी पाहा. तुमच्या मीटरवर असेल आणि तुम्हाला कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचं बिल येत असेल, तर तुमच्या जुन्या सरासरीवरून ठरलेल्या युनिटांच्या वर गेलं की वरचे पैसे भरावे लागतात, आणि २०० युनिट ओलांडले की अख्खं बिल. एक दिवा आणि कधीतरी पंखा यानं काही बिघडत नाही. पण वैनी उद्या तिथे फॉल-पिकोची मशीन लावून दोन मुली बसवणार असतील तर गोष्ट वेगळी. मग ते वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या लेखी घरगुती राहत नाही, महापालिकेच्या लेखी गॅरेजही राहत नाही, आणि घरपट्टी वाढली तर मालक तुमच्याकडेच बोट दाखवतील. तो विचार असेल तर आत्ताच सांगा आणि त्याप्रमाणे कागद करा.

भाड्याची बोलणी करायच्या आधी मात्र जागा साड्यांच्या लायकीची आहे का ते बघा. बेळगावचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. गाडीला ओल चालते, साडीला चालत नाही. पहिली गोष्ट, गॅरेजची जमीन रस्त्यापेक्षा वर आहे की खाली? जुन्या गल्ल्यांत रस्त्यावर थरावर थर पडत गेले आणि उंबरे खाली राहिले. शटरच्या खालच्या दोन पट्ट्या गंजून चाळण झाल्या असतील तर पाणी आत येतं असं समजा. भिंतीच्या तळाशी बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली, रंग फुगून सुटलेला दिसला, तर तो लोणा. त्या भिंतीत ओल चढते. मग जमिनीवर हात-दीड हात चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. उचलल्यावर खालच्या अंगाला थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला तर ओल जमिनीतून येते. प्लॅस्टिक वरून दमट आणि खालून कोरडं असेल तर ती हवेतली, तिला खिडकी किंवा झरोका पुरतो. ही परीक्षा पावसाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये सगळीच गॅरेजं कोरडी असतात.

जमीन थोडी दमट निघाली तरी लाकडी पाटावर चार-सहा इंच वर आणि भिंतीपासून तेवढंच दूर रॅक लावून भागतं. पुठ्ठ्याचे खोके ठेवू नका, वाळवी आधी तिथे येते. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्या. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर मात्र दुरुस्ती मालकांनी करून द्यायची हे आधी लिहून घ्या, किंवा तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करायचा हे लिहा. आणि दुचाकी त्याच खोलीत ठेवू नका. पेट्रोलचा वास कापडात बसतो तो जात नाही, आणि बंद शटरच्या आत पेट्रोलची वाफ आणि जुनं वायरिंग एकत्र असणं बरं नाही. ती जिन्याखालीच राहू दे. मालाचा विमा काढायचा असेल तर तो वैनींच्या नावानं. मालकांनी घराचा काढला असेल त्यात तुमच्या साड्या येत नाहीत.

बोलायचं कसं, विचारलंत. विश्वासाच्या मुद्द्यावर वाद घालू नका. "काका, विश्वास आहे म्हणून तर तुमच्याकडेच मागतोय. पण हिला मालाचा हिशेब ठेवावा लागतो, भाड्याचा कागद लागतो. खर्च माझा, मी लिहून आणतो, तुम्ही वाचून सही करा." हे खरंही आहे, आणि त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होत नाही. काकूंसमोर बोललात तर आणखी बरं. कोपऱ्यातल्या सामानाचा निकाल बहुतेक घरांत त्याच लावतात.

इतकं करूनही ते कागदाला नाहीच म्हणाले, तर गॅरेज घ्यायला हरकत नाही, पण वापर बदला. त्यात जुनी कपाटं, गाद्या, सणावाराची भांडी, कूलर असं घरातलं सामान ठेवा आणि वर जी जागा मोकळी होईल तिथे साड्या लावा. भाड्याचे पैसे तेव्हाही वेगळेच पाठवा, आणि अशा जागेला महिन्याभराच्या भाड्याहून जास्त अ‍ॅडव्हान्स देऊ नका.